कार्ड रीडर फोनला जोडताना: पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

‘मशीन चार्ज हाय, ब्लूटूथ चालू हाय, खरं दिसंनाच की हो!’ बेळगावचा खडेबाजार असो, शहापूर असो नाहीतर निपाणी, कार्ड मशीनची तक्रार साधारण याच शब्दांत येते. मशीन खरोखर बिघडलेलं क्वचितच असतं. बहुतेक वेळा मधली एखादी पायरी राहिलेली असते, नाहीतर पुढची आधी केलेली असते. म्हणून इथे पायऱ्या ज्या क्रमाने करायच्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

हे सगळं छोट्या, तळहाताएवढ्या रीडरबद्दल आहे. त्यात सिम नसतं, कागदाचा रोल नसतो, आणि फोनशिवाय त्याचा काही उपयोग नसतो. सिम घातलेलं, पावती छापणारं मोठं मशीन तुमच्याकडे असेल तर त्याला फोन जोडावा लागत नाही.

## आधी एवढं समजून घ्या

या रीडरला स्वतःचं इंटरनेट नाही. रक्कम तुम्ही फोनवरच्या अॅपमध्ये टाकता, ती ब्लूटूथने रीडरकडे जाते. गिऱ्हाईक कार्ड घालून रीडरच्या बटणांवर पिन दाबतं. रीडर तो पिन आणि कार्डाची माहिती आपल्या आतच कुलूपबंद करतो आणि ते बंद पाकीट ब्लूटूथने फोनकडे देतो. फोन ते आपल्या इंटरनेटवरून बँकेकडे पोचवतो, पण त्याला ते उघडता येत नाही. बँकेचं उत्तर आधी फोनवर येतं आणि तिथून पुन्हा ब्लूटूथने रीडरकडे, म्हणजे आत असलेल्या चिपपर्यंत जातं.

थोडक्यात, एका विक्रीत ब्लूटूथवरून निदान तीनदा ये-जा होते. त्यामुळे एकदा जोडणी झाली म्हणजे काम संपलं असं नसतं. विक्री पुरी होईपर्यंत ती टिकावी लागते. खाली सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी यासाठीच आहेत.

इशारा: बटणं असलेला रीडर वापरताना फोनच्या पडद्यावर गिऱ्हाइकाचा पिन मागितला गेला तर तिथेच थांबा. पिन फक्त रीडरच्या बटणांवर दाबायचा असतो.

## १. मशीन तुमच्याच खात्याचं आहे ना?

रीडरच्या पाठीवर स्टिकर असतं आणि त्यावर सिरियल नंबर असतो. कंपनी किंवा बँक हा नंबर तुमच्या दुकानाच्या खात्याशी बांधते. भावाचं जुनं मशीन आणून आपल्या लॉगिनवर चालवायला गेलं तर ब्लूटूथ व्यवस्थित जुळतं, पण अॅप ‘हे मशीन तुमच्या खात्यात नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतं. मग लोक तासभर ब्लूटूथशी झगडत बसतात, आणि त्यात ब्लूटूथचा काहीच दोष नसतो.

स्टिकरवरचे शेवटचे चार आकडे वहीत लिहून ठेवा. चौथ्या पायरीत ते लागणार आहेत. स्टिकर पुसट झालं असेल तर मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून बघा.

## २. तयारी घरी करा, बाजारात नाही

पहिली जोडणी बाजाराच्या दिवशी दुकानात करू नका. गिऱ्हाईक समोर उभं असतं, शेजारच्या दुकानांत तसलीच मशीनं चालू असतात, आणि घाईत पडद्यावरचा संदेश न वाचता बोट दाबलं जातं. आदल्या रात्री घरी, वायफाय किंवा चांगली रेंज असलेल्या जागी बसा.

रीडर पूर्ण चार्ज करा. नवा असला तरी खोक्यातून काढून थेट जोडू नका. बॅटरी कमी असताना बरेच रीडर चालू होतात, दिसतातही, पण पहिला अपडेट घ्यायला नकार देतात किंवा अपडेटच्या मध्यावर बंद पडतात. फोनही निदान अर्धा चार्ज हवा, आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. बॅटरी सेव्हर चालू असला की काही फोन अॅपचं काम मधेच अडवतात.

अॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाईल घालू नका. लॉगिन करताना येणारा ओटीपी खात्याला नोंदवलेल्या नंबरवर येतो, तेव्हा ते सिम चालू असलेला फोन जवळ ठेवा. बऱ्याच दुकानांत नोंद वडिलांच्या नंबरवर असते आणि फोन मुलाच्या हातात असतो. अशा वेळी दोघं एकत्र बसलेले बरे.

आता परवानग्या. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. फोनच्या सेटिंगमध्ये `About phone` उघडून अँड्रॉइडची आवृत्ती बघा.

* आवृत्ती ११ किंवा त्याआधीची असेल तर आसपासची ब्लूटूथ यंत्रं शोधायला अॅपला `Location` ची परवानगी लागते. नुसती परवानगी देऊन भागत नाही, फोनचं लोकेशनही चालू असावं लागतं. ते बंद असेल तर अॅप कितीही वेळ शोधत राहतं, यादी रिकामीच राहते आणि चूक म्हणून काही दाखवतही नाही.
* आवृत्ती १२ किंवा पुढची असेल तर `Nearby devices` नावाची वेगळी परवानगी द्यावी लागते. विक्री कुठे झाली याची नोंद ठेवण्यासाठी बरीच पेमेंट अॅप त्यासोबत लोकेशनही मागतात. तेही द्या.

पहिल्यांदा अॅप उघडताना घाईत `Don't allow` दाबलं गेलं असेल तर अॅप पुन्हा विचारेलच असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन अॅपचं नाव उघडा आणि `Permissions` मध्ये हाताने चालू करा.

तपासा: रीडर चार्ज, अॅपमध्ये लॉगिन झालेलं, परवानगी दिलेली, लोकेशन चालू, ब्लूटूथ चालू. यातलं एक जरी राहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

## ३. जुनी जोडणी आधी तोडा

रीडर साधारणपणे एका वेळी एकाच फोनशी बोलतो. दुसऱ्या फोनने त्याला धरून ठेवलेलं असेल तर तो तुमच्या फोनला दिसतच नाही. ब्लूटूथची पोच उघड्या जागेत साधारण दहा मीटर असते, म्हणजे माळ्यावर किंवा मागच्या खोलीत पडलेला फोनसुद्धा त्याला धरून बसू शकतो.

शहापुरातल्या एका साडीच्या दुकानाचं उदाहरण घ्या. मशीन पुतण्याच्या फोनवर चालायचं. सणाच्या गर्दीत काकूंनी आपल्या नव्या फोनवर अॅप घेतलं, लॉगिन झालं, परवानग्याही दिल्या, पण रीडर काही दिसेना. दोनदा बंद-चालू केला, तरी तेच. रीडरचा निळा दिवा मात्र लुकलुकत नव्हता, स्थिर होता. बहुतेक रीडरांत लुकलुकणारा निळा दिवा म्हणजे तो जोडीदार शोधतोय, आणि स्थिर दिवा म्हणजे कुणाशी तरी जोडलेला आहे.

‘पुतण्याचा फोन कुठाय?’ असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘वर माळ्यावर चार्जिंगला लावलाय की.’ रीडर चालू झाला की माळ्यावरचा फोन त्याला लगेच धरत होता. त्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि रीडरचा दिवा लुकलुकायला लागला.

नुसतं ब्लूटूथ बंद करून मात्र काम पुरं होत नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुतण्या ते चालू करणारच. जुन्या फोनवर ब्लूटूथच्या यादीत जा, रीडरच्या नावापुढचं चाक किंवा `i` दाबा आणि `Forget` किंवा `Unpair` करा. जुन्या फोनवरच्या अॅपमध्ये रीडर जतन केलेला असेल तर तिथूनही काढा. रीडरच्या मेनूत जोडणी पुसायची सोय असेल तर तीही वापरा.

दोन्ही बाजूंनी पुसायचं कारण असं: पहिल्या जोडणीत फोन आणि रीडर एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. एकाने टाकून दिली आणि दुसऱ्याने ठेवली तर पुढच्या वेळी किल्ल्या जुळत नाहीत. मग ‘जोडता आलं नाही, पिन चुकीचा’ असा संदेश येतो, जरी तुम्ही कुठलाही पिन टाकलेला नसला तरी.

## ४. जोडणी

फोन आणि रीडर एकमेकांपासून हातभर अंतरावर टेबलावर ठेवा. कार्ड घालू नका. रीडर चार्जरवरून काढा, कारण काही रीडर चार्जिंगला असताना जोडणी घेत नाहीत.

1. रीडर चालू करा आणि निळा दिवा लुकलुकेपर्यंत थांबा. रीडर काही मिनिटांनी झोपी जातो, तसं झालं तर पुन्हा बटण दाबून जागा करा.
2. आधी अॅप उघडा. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊ नका. अॅपमध्ये मशीन किंवा रीडर जोडण्याचा पर्याय शोधा आणि शोध सुरू करा.
3. यादीतली नावं नीट वाचा. एकाच कंपनीच्या सगळ्या रीडरांचं नाव सारखं असतं, फक्त शेवटचे आकडे वेगळे. वहीत लिहिलेले चार आकडे इथे जुळवा.
4. नाव दाबल्यावर फोन आणि रीडर दोन्हीच्या पडद्यावर सहा आकडी संख्या येते. दोन्हीकडे तीच असेल तरच फोनवर `Pair` आणि रीडरवर होकाराचं बटण दाबा. रीडरवर दाबायचं राहिलं तर थोड्या वेळाने जोडणी आपोआप रद्द होते.

जुन्या रीडरांत संख्या येत नाही. फोन पिन मागतो आणि तो बहुधा `0000` किंवा `1234` असतो. हा फक्त ब्लूटूथचा पिन. गिऱ्हाइकाच्या किंवा तुमच्या कार्डाचा पिन इथे चुकूनही टाकू नका.

आधी अॅप का, सेटिंग का नाही? नव्या रीडरांपैकी बरेच कमी वीज खाणारं ब्लूटूथ वापरतात आणि त्यांची जोडणी अॅपच सांभाळतं. असा रीडर तुम्ही सेटिंगमधून जोडलात तर यादीत नाव येतं, पण अॅपला तो सापडेलच असं नाही. उलट काही जुने रीडर आधी सेटिंगमधून जोडल्याशिवाय अॅपच्या यादीत येत नाहीत. म्हणून नियम साधा ठेवा: सुरुवात अॅपमधून. ‘जोडलेलं यंत्र सापडलं नाही, ब्लूटूथ सेटिंगमध्ये जा’ असं अॅपने स्वतः सांगितलं तरच सेटिंग उघडा, आणि तिथे जोडून झाल्यावर पुन्हा अॅपमध्ये येऊन तोच रीडर निवडा.

इशारा: खडेबाजारासारख्या चिकटून असलेल्या दुकानांत शेजाऱ्याचा रीडरही यादीत येतो. तुमच्या फोनवर संख्या दिसते पण समोरच्या रीडरवर काहीच नाही, असं झालं तर तुम्ही दुसऱ्याचं मशीन निवडलंय. रद्द करा.

तपासा: फोनच्या सेटिंगमध्ये `Paired` किंवा `Saved` दिसलं म्हणून खूश होऊ नका. त्याचा अर्थ ओळख झाली एवढाच. आत्ता या क्षणी बोलणं चालू आहे का, ते अॅपमध्ये ‘जोडलेलं’ दिसतंय का आणि रीडरचा दिवा स्थिर आहे का यावरून ठरतं.

## ५. पहिला अपडेट मधेच तोडू नका

पहिल्यांदा जोडल्यावर अॅप बऱ्याचदा रीडरमध्ये नवं सॉफ्टवेअर आणि सेटिंग भरतं. टक्केवारीची पट्टी हळू सरकते, मधे एकाच आकड्यावर अडकल्यासारखी वाटते. या वेळात फोन आला तर उचलू नका, अॅप बदलू नका, पडदा बंद होऊ देऊ नका, रीडर हलवू नका. अपडेट संपल्यावर रीडर स्वतःहून बंद होऊन चालू होतो आणि जोडणी क्षणभर तुटते. ते अपेक्षितच आहे.

अपडेट अर्ध्यावर तुटला तर रीडर आणि अॅप दोन्ही बंद करून पुन्हा चौथ्या पायरीपासून सुरू करा. बहुतेक वेळा अपडेट परत सुरू होतो.

इशारा: रीडर कुठल्याही मोबाईल दुरुस्तीवाल्याला उघडू देऊ नका, बॅटरी बदलायलासुद्धा नाही. कवच उघडलं गेलं की आतल्या गुप्त किल्ल्या तो स्वतःच पुसून टाकतो. पडद्यावर `TAMPER` हा शब्द आला की ते मशीन दुकानात दुरुस्त होणार नाही. कंपनीकडेच परत द्यावं लागेल.

## ६. दहा रुपयांची विक्री करून बघा

घरातल्या कुणाच्या तरी डेबिट कार्डवर दहा रुपयांची विक्री करा. अॅपमध्ये रक्कम टाका, रीडरवर तीच रक्कम दिसते का बघा, चिपची बाजू आत घाला, पिन दाबा. ‘कार्ड काढा’ असं रीडर सांगेपर्यंत कार्ड हलवू नका. बँकेचं उत्तर चिपपर्यंत परत यायचं असतं, आणि कार्ड त्याआधी ओढलं तर बँकेने मंजूर केलेली विक्रीही रद्द होऊ शकते.

मग टॅप करूनही बघा. ५,००० रुपयांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही, त्यापुढे लागतो. टॅप करताना कार्ड खुणेच्या जागी टेकवून एक-दोन सेकंद धरायचं असतं. नुसतं ओवाळलं तर वाचलं जात नाही. टॅप नाहीच झालं तर चिप घाला. चाचणीचे पैसे परत हवे असतील तर त्याच दिवशी हिशेब बंद होण्याआधी अॅपमध्ये `Void` करा.

चाचणी इथे संपत नाही. रीडर बंद करा, अॅप बंद करा, पाच मिनिटांनी दोन्ही पुन्हा चालू करा. संख्या न विचारता जोडणी आपोआप झाली पाहिजे. ती झाली तरच मशीन बाजारात न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात ‘कालपर्यंत चालत होतं’ म्हणणारे बहुतेक ही पायरी गाळलेले असतात.

## ७. दुकानात आणि सीमेवर

दुकान उघडल्यावर आधी रीडर जागा करा, मग अॅप उघडा, जोडलेलं दिसू द्या, आणि त्यानंतर रक्कम टाका. रक्कम टाकून मग रीडर शोधत बसलं की अॅपची वेळ संपते.

रीडर लोखंडी गल्ल्यात ठेवू नका आणि फोन खिशात ठेवून मागे वळू नका. लोखंड आणि माणसाचं अंग दोन्ही ब्लूटूथ अडवतात. दोन मशीनं, दोन फोन असतील तर जोड्या ठरवून द्या आणि रीडरच्या पाठीवर फोन कोणाचा ते लिहून चिकटवा.

आपल्या भागातली एक खास अडचण इंटरनेटची आहे, पण लोक तिला ब्लूटूथची समजतात. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही मोबाईलची वेगवेगळी सर्कल आहेत. निपाणी-कोगनोळीकडे, किंवा कागलच्या बाजाराला गेल्यावर, कर्नाटकातलं सिम पलीकडचा टॉवर पकडतं आणि वरच्या पट्टीत `R` दिसतो. फोनमध्ये `Data roaming` बंद असेल तर बोलणं होतं, पण इंटरनेट थांबतं. ते चालू करून ठेवा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मुळात रेंजच नसेल तर जोडणी कितीही पक्की असली तरी विक्री होणार नाही.

ओळखायची खूण अशी: रक्कम रीडरवर आलीच नाही तर अडचण ब्लूटूथची. रक्कम आली, पिन घेतला गेला आणि मग फोन फिरत राहिला तर अडचण इंटरनेटची.

## ८. विक्रीच्या मध्यावर तुटलं तर

पिन दाबण्याआधी जोडणी तुटली तर बँकेकडे काही गेलेलं नसतं. पुन्हा जोडा, नव्याने विक्री करा.

पिन दाबल्यानंतर तुटली तर लगेच दुसऱ्यांदा कार्ड घेऊ नका. समजा ३,८५० रुपयांची साडी आहे, पिन झाला, फोनवर ‘प्रक्रिया चालू’ आहे आणि तेवढ्यात रीडर बंद पडला. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज आला, तुमच्या अॅपमध्ये मात्र काही नाही. आधी इंटरनेट चालू आहे याची खात्री करा, अॅपमध्ये व्यवहारांची यादी उघडा आणि ती ताजी करा. तिथे ‘मंजूर’ दिसलं तर विक्री झाली, माल द्या. ‘अयशस्वी’ दिसलं किंवा नोंदच नसेल तर पैसे तुम्हाला मिळालेले नाहीत, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर मेसेज काहीही असो. ‘प्रलंबित’ असेल तर थोडं थांबून पुन्हा ताजी करा.

पैसे कापले गेले पण दुकानात मंजुरी पोचली नाही, अशा व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप गिऱ्हाइकाच्या खात्यात परत गेली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. गिऱ्हाइकाला हे सांगा, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि अॅपमध्ये असेल तर संदर्भ क्रमांक कागदावर लिहून द्या, आणि साडीचे पैसे रोख किंवा यूपीआयने घ्या. तक्रार गिऱ्हाइकाने आपल्या बँकेत करायची असते. तुमच्या दुकानातून ती रक्कम रोखीने परत द्यायची नसते, कारण ती तुमच्याकडे आलेलीच नाही. दिली तर पाच दिवसांनी बँकेकडूनही गिऱ्हाइकाला ती परत मिळेल आणि ३,८५० रुपये तुमच्या खिशातून जातील.